दोन जात्यांचं गाणं

शनवारा पेठेच्या बायका इतवारा पेठेच्या बायकांच्या मागून गाणार नाहीत आणि इतवाऱ्याच्या शनवाऱ्याच्या मागून गाणार नाहीत, हे मला मोतीलाल शेठनी सांगायची गरज नव्हती. मी बुऱ्हाणपुरातच वाढले आहे. तरी ते शाळेच्या ओट्यावर बसून, पगडी मांडीवर घेऊन, तेच तेच सांगत राहिले.

"कुसुमबाई, सर्वपित्रीला घाटावर बायकांचं एक भजन पाहिजे. एकच. सगळ्या बायकांचं मिळून. पुरुषांच्या भजनी मंडळात आता टाळ धरायला माणूस राहिला नाही, तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक होतं. मानमोडीच्या साथीला वर्ष होत आलं होतं. गेल्या आश्विनात ती आली आणि एकेका घरात दोन-दोन, तीन-तीन माणसं झोपली ती उठलीच नाहीत. आधी लाकडं संपली, मग खांदे देणारे संपले. शेवटी शेवटी माणसं तापीत सोडली. मंत्र नाही, अग्नी नाही, नुसतं पाणी. माझ्या शाळेत मुलींच्या ज्या रांगा रिकाम्या झाल्या त्या मी अजून भरल्या नव्हत्या. नव्या मुलींना मी पुढे बसवत होते. अशा सगळ्यांसाठी यंदा राजघाटावर एकत्र तर्पण करायचं पंडितांनी ठरवलं होतं, आणि सगळी व्यवस्था शेठकडे होती. पंडित म्हणजे आमच्या गावचे भटजी, नावही पंडितच.

"मग म्हणू द्या की काहीतरी," मी म्हटलं. "बायकांना काय गाणी येत नाहीत?"

"येतात. पण पुढे कोण म्हणणार? शनवाऱ्याची कोकिळाबाई म्हणते मी. इतवाऱ्याची गोदाबाई म्हणते मी. दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत. आणि तालमीला म्हणाल तर सगळ्या एकदाच येतील, उद्या दुपारी. परवा अमावास्या."

एक तालीम. न शिकलेल्या बायका. दोन पेठा आणि दोन रुसवे. मला हसूही आलं आणि रागही आला. मेलेल्यांसाठी गायचं तर तिथेही मानपान सुटेना. पण शेठ गेल्यावर पाट्या पुसता पुसता मला नागपूरच्या ट्रेनिंग कॉलेजातली आमची मड्डम आठवली. ती आम्हाला एक खेळ शिकवायची. अर्ध्या मुली गाणं सुरू करत. त्या दुसऱ्या ओळीवर गेल्या की उरलेल्या अर्ध्या पहिल्या ओळीपासून तेच गाणं सुरू करत. एकच गाणं, पण एकमेकींच्या पाठोपाठ. ओळी एकमेकींवर पडत, तरी कानाला गोड लागत. त्यात पुढारी कुणीच नसतं. सगळ्या सगळंच म्हणतात. दोन्ही पेठांना पुरेल असं दुसरं काही मला सुचेना.

संध्याकाळी पेटी घेऊन बसले. मड्डमच्या गाण्यात चार ओळी असत. चार ओळी म्हणजे प्रत्येक ओळ तिच्या पुढच्या ओळीवर बसते का ते पाहायचं, आणि बायकांनाही चार पाठ करायच्या. नको. मी दोनच ओळी घेतल्या. दोन ओळी आणि दोन गट असले की एक गट पहिली म्हणत असताना दुसरा दुसरीच म्हणतो. एवढी एकच जोडी जुळली की काम झालं. ओळी सारख्या लांबीच्या हव्यात, आठ-आठ मात्रांच्या. स्वर भूपाचे घेतले, म्हणजे मध्यम-निषादाची भानगड नाही. तरीही सा आणि रे एकदम वाजले की कानात खुपतातच, म्हणून दोन्ही ओळी एकाखाली एक ठेवून मात्रा मात्रा तपासली.

पहिली ओळ अशी झाली: चार मात्रा नुसता लांब सा, 'माय', आणि मग गंधार, गंधार, रिषभ, षड्ज, 'तापीमाई'. दुसरी तिच्या उलट. आधी ग प प ग, 'गेले त्यांना', आणि मग चार मात्रा लांब पंचम, 'ने'. एक गट सूर धरून थांबतो तेव्हा दुसरा शब्द म्हणतो, दुसरा थांबतो तेव्हा पहिला म्हणतो. शब्द शब्दांत गुंतत नाहीत. साखाली ग आणि प पडतात, पंचमाखाली ग, रे आणि सा. कुठेच खुपत नाही. पेटीवर एक ओळ वाजवत दुसरी तोंडाने म्हणून पाहिली. बसली.

शेवट राहिला होता. पाठोपाठच्या गाण्यात पहिला गट आधी संपतो आणि दुसरा मागे उघडा पडतो. म्हणून ठरवलं की पहिल्या गटाने आपली शेवटची ओळ संपली की गप्प न बसता 'माय' म्हणत सा धरून ठेवायचा. त्यावर दुसऱ्या गटाने शेवटचं 'गेले त्यांना ने' म्हणायचं. मी हात वर केला की पहिल्यांनी सा धरायचा. मी स्वतःवर खूश होऊन झोपले. गाणं कागदावर जुळलं की माणसंही जुळतात, असं मला वाटायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शाळेचा ओटा भरला. उजवीकडे शनवारा, डावीकडे इतवारा, आणि मध्ये जाजमाची एवढी मोठी पट्टी रिकामी की तिथे बैल बसला असता.

"पुढे कोण म्हननार?" गोदाबाईंनी आल्या आल्या विचारलं. जाड, मोठ्या आवाजाची बाई, पण सुराला अंमळ सैल.

"कुणीच नाही," मी म्हटलं. "सगळ्या सगळं म्हणणार."

"ऐसा कधी होतं का?" पलीकडून कोकिळाबाई. त्यांचा आवाज बारीक आणि पक्का. दोघींचं ह्या एका बाबतीत मात्र एकमत होतं.

आधी सगळ्यांना मिळून म्हणायला लावलं. लिहून दिलं नाही, मी म्हणायचं आणि त्यांनी म्हणायचं. स्वर लगेच तोंडात बसले, पण लय धावू लागली. बायकांचं तसंच होतं, गोडी लागली की घाई होते. मग मी म्हटलं, हात पुढे करा, जात्याचा खुंटा धरल्यासारखे. एका ओळीला जात्याची एक फेरी. हे मात्र नामी लागू पडलं. सगळ्यांचे हात गोल फिरू लागले आणि लय जागच्या जागी बसली. जात्यावर घाई केली तर पीठ जाड येतं हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं.

आणि त्यातच मला धुरपदाबाईचा आवाज ऐकू आला.

धुरपदाबाई इतवाऱ्याच्या टोकाला, केळीच्या मळ्याकडे राहायची. शेतकऱ्याचं घर. ती आणि तिची धाकटी जाऊ रंभाबाई दोघी तुकईथड गावच्या, एकाच मांडवात लग्न होऊन एका घरात आलेल्या. शाळेत येता-जाता मी त्यांचं दळण ऐकायची. एका खुंट्याला दोघींचे हात, आणि एकच ओवी दोघींत वाटलेली. पहिली ओळ धुरपदेची, दुसरी रंभेची. रंभा मानमोडीत गेली. धुरपदा तेव्हा स्वतःच तापाने बेशुद्ध होती. शुद्धीवर आली तोवर रंभाला तापीत सोडून माणसं परत आली होती. तेव्हापासून ती एकटी दळते. 'तुकईथडच्या वाटेला बाभळीची गं सावली' अशी पहिली ओळ म्हणते आणि मग एक फेरी नुसतं जातं फिरतं. दुसरी ओळ ती रंभासाठी रिकामी सोडते. पुन्हा पहिली, पुन्हा रिकामी फेरी. गल्लीतल्या लोकांना त्याची सवय झाली होती. मला नव्हती. मी तिथे आले की पावलं भराभर टाकायची.

पण आवाज असा की लोखंडाची कांब. कितीही आवाज भोवती असले तरी वाकायचा नाही. दुसऱ्या गटाला असाच आवाज हवा होता, कारण दुसरा गट नेहमी पहिल्याकडे ओढला जातो. मी मनात तिला तिथे बसवूनही टाकलं.

मग दोन गट केले. शनवारा पहिला, इतवारा दुसरा. शनवाऱ्याने पहिली ओळ म्हटली, दुसरीवर गेला. मी इतवाऱ्याला खूण केली. त्यांनी 'माय' उचललं, आणि शनवारा चिडीचूप.

"तुम्ही का थांबलात?"

"त्या म्हनू लागल्या ना," कोकिळाबाई म्हणाल्या. "त्यांच्यामध्ये तोंड कसं घालावं?"

पुन्हा सुरू केलं. पुन्हा तेच. मी ओरडले. तिसऱ्यांदा शनवारा चालू राहिला तर इतवाऱ्याच्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या. गोदाबाई म्हणाल्या, "त्यांचं होऊ द्या बाई, मग आम्ही म्हनतो." ज्या बायका एकमेकींचं तोंड बघत नव्हत्या त्या आता एकमेकींची अशी आदब राखत होत्या की मला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. मड्डमच्या मुलींना हे कधी झालं नव्हतं. त्या खुशाल एकमेकींवर गात. पण ह्या बायका गाणं शिकल्या होत्या जात्यावर, आणि जात्यावर एक म्हणते तेव्हा दुसरी ऐकते. तिची ओळ संपली की मगच आपली. ते त्यांच्या हाडात होतं आणि मीच त्यांच्या हातात खुंटा दिला होता.

ऊन ओट्यावरून उतरायला लागलं. बायकांना घरी जाऊन उद्याचा स्वयंपाक होता. तेव्हा मला सुचलं.

"हे एक जातं नाही," मी म्हटलं. "दोन जाती आहेत. शेजारशेजारच्या दोन घरांत. भिंत आहे मध्ये. शनवारीण तिच्या घरात दळते, इतवारीण तिच्या. शेजारणीचं दळण ऐकू आलं म्हणून तुम्ही आपला हात थांबवता का?"

"नही," गोदाबाई म्हणाल्या.

"मग गाणंही थांबवायचं नाही. तुमच्या जात्याला तुम्ही एकट्याच. पहिली ओळही तुमची आणि दुसरीही तुमचीच."

मी दोन्ही गटांना जागच्या जागी एकमेकींकडे पाठ करून बसवलं आणि पुन्हा सुरुवात केली. या खेपेला कुणी थांबलं नाही. 'तापीमाई'वर 'ने' येऊन टेकला, 'माय'च्या खालून 'गेले त्यांना' निघून गेलं, आणि जाजमाच्या रिकाम्या पट्टीवर काहीतरी भरून आल्यासारखं झालं. बायकांनाही ते कळलं. त्या हसल्या नाहीत, पण एकमेकींकडे बघायला मान वळवू लागल्या. माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू.

आणि इतवारा कोसळला. दुसरी ओळ आली की त्यांचा पंचम खाली घसरून शनवाऱ्याच्या गंधारात जाऊन मिळत होता. मी कान दिला. धुरपदाबाई पहिली ओळ म्हणत होती, लखलखीत. दुसरी आली की तिचं तोंड बंद. हात मात्र फिरत होता. ती गप्प झाली की गोदाबाईंचा सैल सूर बाकीच्यांना घेऊन खाली जात होता.

मी तिच्याजवळ जाऊन बसले. "धुरपदाबाई, दुसरी ओळ का म्हणत नाही?"

"ती मपली नही, बाई."

"इथे दोन्ही ओळी सगळ्यांच्या आहेत."

"तुम्ही सांगितलं ना, एकटीनं दळायचं म्हनजे दोन्ही आपनच म्हनायच्या. समजलं मले." ती माझ्याकडे न बघता बोलत होती. "पन दुसरी ओळ रंभाची शे. तीस साल तिनंच म्हटली. आनि तुम्ही लिहिली बी अशी. 'गेले त्यांना ने.' मी आपल्या तोंडानं कसं म्हनू, की ने तिले? मी तिले जाताना पाहिलं बी नही."

मला तिची दया आली आणि त्याच वेळी उद्याच्या गाण्याचीही चिंता वाटत होती, आणि ती चिंता जास्त मोठी होती. मी म्हटलं, "ठीक आहे. तुम्ही पहिलीच म्हणा. दुसरी गोदाबाई सांभाळतील." गोदाबाईंनी काही सांभाळली नाही. दोनदा चाललं, तिसऱ्यांदा घसरलं. शेवटाचं मी कसंबसं शनवाऱ्याला समजावलं, माझा हात वर गेला की 'माय' धरायचं. इतवाऱ्याला तो हात कुणासाठी आहे हे सांगायचं राहून गेलं. ऊन गेलं होतं आणि बायका उठल्या होत्या.

अमावास्येला तापी गढूळ आणि फुगलेली होती. घाटाच्या खालच्या पायऱ्या पाण्यात होत्या. पुरुष पाण्यात उभे राहून तर्पण करत होते. पंडित नावं विचारत होते आणि लोक सांगत होते. काहींची सांगता सांगता संपेनात. कुणी मोठ्याने रडत नव्हतं. रडणं गेल्या वर्षीच संपलं होतं, आता फक्त नावं उरली होती. वरच्या पायऱ्यांवर बायका, एकमेकींकडे पाठ करून, मी शिकवल्याप्रमाणे. धुरपदाबाई डाव्या टोकाला, नदीकडे तोंड करून. मी दोन पायऱ्या खाली, दोन्ही गटांना हात दिसेल अशी.

पंडितांनी मान हलवली. शनवाऱ्याने 'माय' उचललं. सगळ्यांचे हात आपसूक गोल फिरू लागले, घाटावर जातं नसतानाही. मग इतवारा लागला. पाण्यावर आवाज पसरतो, त्यामुळे घसरगुंडी तितकी कळली नाही. दर पहिल्या ओळीला धुरपदेचा आवाज वर यायचा आणि दर दुसरीला नाहीसा व्हायचा. पाण्यातले पुरुष ओंजळी तशाच धरून थांबले. एवढं पार पडू दे, असं मी कुणाला तरी म्हणत होते.

शेवट आला. शनवाऱ्याची शेवटची ओळ संपली. मी हात वर केला. कोकिळाबाईंनी 'माय' धरलं, सगळ्या शनवाऱ्याने धरलं. आणि माझा हात बघून इतवाऱ्यानेही आपली शेवटची ओळ सोडून तेच धरलं. सगळाच्या सगळा घाट एका षड्जावर उभा राहिला. 'माय…' खाली दुसरी ओळ कुणाचीच नव्हती. मी गोदाबाईंकडे पाहून हात हलवले, त्या डोळे मिटून 'माय' म्हणत राहिल्या. एक फेरी रिकामी गेली. शाळेच्या वाटेवर जशी रोज रिकामी जायची तशीच.

दुसरी फेरी सुरू झाली आणि धुरपदाबाईने म्हटलं.

"गेले त्यांना ने."

गंधार, पंचम, पंचम, गंधार, आणि मग तो पंचम, लांब, सगळ्यांच्या सावर अगदी सरळ. न वाकता. ती नदीकडे बघत होती. श्वास संपेपर्यंत तिने 'ने' धरला. तो तुटला तेव्हा बाकीच्यांचा साही आपोआप विझला. पाण्यातल्या पुरुषांनी ओंजळी सोडल्या. मोतीलाल शेठ पगडी काढून तोंड पुसत होते. मी रडले, सगळ्यांदेखत, आणि मला त्याची लाज वाटली नाही. परतताना कोकिळाबाई गोदाबाईंचा हात धरून पायऱ्या चढत होत्या, कारण पायऱ्यांवर चिखल होता.

लोकांनी फार वाखाणलं. शेठ म्हणाले, दरसाल करू. मीही मनातून फुलले होते. तिला तिचं दुःख मोकळं करता आलं, असं मी घरी सांगितलंही.

चार-आठ दिवसांनी शाळेला जाताना मी त्या गल्लीतून चालले होते. जात्याची घरघर ऐकू आली. मी सवयीने कान दिला. पहिली ओळ येईना. वाटलं, आताच फेरी रिकामी गेली असेल, पुढच्या फेरीला येईल. पुढचीही गेली. त्यापुढचीही. मी दारात उभी राहिले.

धुरपदाबाई एकटी दळत होती. जात्याच्या पलीकडे रंभाचा पाट असायचा, तो उचलून भिंतीला लावला होता.

"या बाई," ती म्हणाली.

"आज ओवी नाही?"

"कुनासाठी म्हनू?" तिने मूठभर दाणे जात्यात टाकले. "ती ऐकत होती तोवर म्हनत होते. अर्धी सोडत होते ना, म्हनून ती येत होती ऐकाले. आता नेलं तिले. मीच सांगितलं, ने. आनि नेलं." तिच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "चांगलंच झालं वो तिच्यासाठी. अडकून बसली होती बिचारी माझ्यापायी."

दोन ओळी, आठ-आठ मात्रा, कुठेच न खुपणारं सगळं मी मात्रा मात्रा तपासलं होतं. हे तपासलं नव्हतं. शाळेची घंटा व्हायची होती, तरी मी आत गेले.

भिंतीचा पाट काढून मी जात्यापलीकडे ठेवला आणि बसले. खुंट्यावर तिच्या हाताखाली माझा हात धरला. तिने हात काढला नाही. जातं पुन्हा फिरू लागलं, आता जरा हलकं. त्या ओवीची दुसरी ओळ कधीकाळी ऐकली होती, आता आठवत नव्हती; काय होती, हा प्रश्न माझ्या ओठांवर आला होता. मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. दाणे संपेपर्यंत आम्ही दोघी दळत राहिलो आणि गाणं मात्र कुणीच म्हटलं नाही.